हजार विटांमागं उष्णता किती जळते आणि विटेत किती जाते : रचलेल्या भट्टीचा हिशोब

प्रश्न : सर, आमची सांगली जिल्ह्यात साधी रचलेली भट्टी आहे, एका वेळी १ लाख विटा, साइज ९×४×३. दगडी कोळसा १८ टन, बगॅस ८ टन, पेटवायला १ टन लाकूड जातं, मातीत साखर कारखान्याची राख पण मारतो. पक्क्या विटा ८५ हजारच्या आसपास निघतात. शेजारचा म्हणतो मला १४ टन कोळशात भागतं. हजार विटांमागं नक्की किती उष्णता जळते आणि त्यातली विटेत खरंच किती जाते, हिशोबानं कुणी सांगेल का?

उत्तर :

पहिलं म्हणजे टनावर भांडू नका. टन हे वजन आहे, उष्णता नाही. तुमचा कोळसा वेगळा, शेजाऱ्याचा वेगळा, राख वेगळी, आणि विटेचं वजन पण बहुतेक वेगळंच. मी वीसेक वर्षं भट्ट्या लावतोय आणि त्यातली सुरुवातीची सात-आठ वर्षं मीपण "लाखाला किती टन" एवढंच बोलायचो, आणि दर सीझनला कुणीतरी माझ्यापेक्षा दोन टन कमीत भट्टी काढायचा आणि मला झोप लागायची नाही. नंतर कळलं की तो राखेतला जळाऊ माल हिशोबात धरतच नव्हता.

तर सगळं जळण एका मापात आणू. कोळशाच्या बिलावर ग्रेड असते ती किलोकॅलरीतच असते म्हणून तेच माप धरतो. जी-१० ग्रेड म्हणजे किलोला ४३०१ ते ४६०० किलोकॅलरी, जी-९ म्हणजे ४६०१ ते ४९००. तुमची ग्रेड तुम्ही लिहिली नाही, मी ४५०० धरतो, बिल बघून आकडा बदला. आता सगळं हजार विटांवर आणायचं, म्हणजे लाखाच्या आकड्याला १०० नं भागायचं.

कोळसा १८ टन म्हणजे हजाराला १८० किलो, गुणिले ४५०० = ८ लाख १० हजार किलोकॅलरी. बगॅस हजाराला ८० किलो. कारखान्यातून येणारी बगॅस निम्मी पाणीच असते, त्यामुळं तिची किंमत किलोला २२५० च्या आसपास, म्हणजे १ लाख ८० हजार. लाकूड १० किलो, बरं वाळलेलं असेल तर ३५०० नं ३५ हजार. राहिली राख. राख म्हणजे जळून गेलेला माल असं आपण म्हणतो, पण बॉयलरच्या राखेत न जळालेला कार्बन असतो आणि म्हणूनच तर आपण ती मारतो. तुम्ही विटेला साधारण १०० ग्रॅम राख मारताय आणि तिच्यात १२ टक्के कार्बन आहे असं समजू. हजार विटांत १२ किलो कार्बन झाला, शुद्ध कार्बन किलोला ७८०० देतो, म्हणजे ९४ हजारच्या आसपास.

बेरीज केली तर हजार कच्च्या विटांमागं ११ लाख १९ हजार किलोकॅलरी. तुमची भाजलेली वीट २.८ किलोची धरतो (९×४×३ ची वीट एवढी भरते, पण तराजूवर ठेवून बघा, माती हलकी असेल तर २.६ पण भरते). हजार विटा म्हणजे २८०० किलो. भागिले तर किलोला ४०० किलोकॅलरी. पण हे रचलेल्या विटांवर झालं. विकायला ८५ हजारच निघतात ना? बाकी १५ हजार खंगर, तुकडा, कच्च्या राहिलेल्या, त्यांनी पण जळण खाल्लंच. पक्क्या विटेवर टाकलं तर ४७० पडतं. तुमचा खरा आकडा हा ४७०. पुस्तकातल्या मापात सांगायचं तर २३९ किलोकॅलरी म्हणजे १ मेगाज्यूल, त्यामुळं ४०० म्हणजे किलोला १.६७ मेगाज्यूल आणि ४७० म्हणजे जवळपास २. रचलेल्या भट्टीसाठी हे वाईट नाही, तीन-साडेतीन मेगाज्यूलवाल्या भट्ट्या पण मी बघितल्यात, बहुतेक लहान आणि घाईत लावलेल्या.

आता शेजाऱ्याचं कोडं आधी सोडवतो. समजा तो विटेला २०० ग्रॅम राख मारतो आणि त्याच्या राखेत १५ टक्के कार्बन आहे. हजार विटांत ३० किलो कार्बन, म्हणजे २ लाख ३४ हजार किलोकॅलरी. तुमच्यापेक्षा १ लाख ४० हजार जास्त. ४५०० च्या कोळशात हे ३१ किलो होतात, लाखाला ३ टन १०० किलो. चार टनांच्या फरकातले तीन टन तर राखेतच सापडले! उरलेला विटेच्या वजनात निघेल नाहीतर त्याच्या कोळशाच्या ग्रेडमध्ये. त्याला विचारा विटेत राख किती घमेली मारतो. तो खोटं बोलत नसेल, त्यानं मोजलेलंच नसतं.

राखेतला कार्बन मोजणं अवघड नाही. राख आधी १०५-११० डिग्रीला पूर्ण वाळवायची, मग वजन करून लालभडक तापवायची आणि परत वजन करायचं, जेवढं घटलं तेवढा साधारण कार्बन. जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये भट्टी असते, ते करून देतात. न वाळवता केलं तर पाणी पण कार्बन म्हणून मोजलं जातं आणि तुम्ही खूश होऊन कोळसा कमी टाकता आणि विटा कच्च्या निघतात, हे मी केलेलं आहे.

आता मुख्य प्रश्न, विटेत किती जाते.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, सगळं तिच्यावर आहे. विटेला उष्णता दोन तऱ्हेनं लागते. एक कायमची खर्च होते, परत मिळत नाही. दुसरी उसनी असते. वीट तापली की ती विटेत भरते आणि वीट थंड झाली की बाहेर पडते. भाजून गार झालेली वीट हातात घ्या, तिच्यात ती उसनी उष्णता काहीच नाही.

कायमच्या खर्चात दोनच बाबी आहेत. पहिली, विटेत राहिलेलं पाणी. उन्हात वाळलेली वीट कोरडी दिसते पण कोरडी नसते. तुमची वीट पूर्ण सुकवली तर २.९७ किलोच्या आसपास असेल, आणि रचताना ५ टक्के ओल असेल तर १५० ग्रॅम पाणी. हजार विटांत १५० लिटर पाणी, तीन पिंप समजा. एक किलो पाणी ३० डिग्रीवरून उकळीपर्यंत न्यायला ७० आणि वाफ करायला ५४०, वरचं थोडं धरून ६२० किलोकॅलरी. १५० गुणिले ६२० = ९३ हजार.

दुसरी बाब म्हणजे मातीच्या अंगातलं पाणी. हे ओल नाही, चिकणमातीच्या कणात रासायनिक बांधलेलं असतं, उन्हात कितीही दिवस ठेवलं तरी जात नाही. साधारण ४५० ते ६०० डिग्रीत ते सुटतं आणि ते सुटलं की माती परत चिखल होऊ शकत नाही, वीट खऱ्या अर्थानं वीट होते. ह्याला आणि बाकीच्या रासायनिक बदलांना मिळून किलो विटेला ४०-५० किलोकॅलरी धरायला हरकत नाही. चुनखडीचे खडे जास्त असलेली माती असेल तर थोडं आणखी. मी ४५ धरतो, २८०० किलोला सव्वा लाख.

दोन्ही मिळून २ लाख १८ हजार. तुम्ही जाळलेल्या ११ लाख १९ हजारातले साडेएकोणीस टक्के. आणि त्यातलं ओलीचं पाणी तर सूर्य फुकटात काढून देणार होता, म्हणून काटेकोर बघितलं तर वीट बनवायला जी उष्णता लागलीच असती ती फक्त सव्वा लाख, म्हणजे ११ टक्के. बाकी ८०-८९ टक्के कुठं गेली?

उसनी उष्णता आता मोजू. भाजलेल्या मातीचा एक किलो एक डिग्री तापायला सरासरी ०.२४ किलोकॅलरी घेतो. २८०० किलो, ३० वरून ९५० डिग्री म्हणजे ९२० डिग्रीची चढण. गुणाकार ६ लाख १८ हजार. म्हणजे तुमच्या एकूण जळणाच्या ५५ टक्के! कायमचा खर्च आणि हे मिळून ८ लाख ३६ हजार झाले, पंच्याहत्तर टक्के. उरले पंचवीस. आता त्या पंचवीसात धुरातून जाणारी उष्णता, भिंतीतून जाणारी, जमिनीत मुरणारी, न जळता उडालेला कोळसा, बगॅसच्या पाण्याची वाफ, सगळं बसवायचं. बसतं का? अजिबात बसत नाही. रचलेल्या भट्टीत एवढं थोडं नुकसान होऊच शकत नाही.

मग भट्टी पिकते कशी? कारण उसना पैसा फिरतो. आग खाली लागते आणि वर चढते. खालचे थर पिकून झाले की बाहेरची थंड हवा त्या लाल विटांतून वर जाते, जाताना त्यांची उष्णता उचलते, गरम होऊन आगीला मिळते, आणि आगीचा धूर वरच्या कच्च्या विटांना तापवतो. खालच्या विटेनं घेतलेलं उसनं वरच्या विटेला दिलं गेलं. प्रत्येक विटेसाठी नवीन कोळसा जाळावा लागत नाही. म्हणूनच जाणते रचणारे सगळ्यात खाली जळणाचा जाड थर देतात आणि वर जाताना पातळ करत नेतात, त्यांना डिग्री-कॅलरी माहीत नसते पण वरच्या थराला खालून आयतं मिळतं हे माहीत असतं. जो सगळ्या थरांत सारखा कोळसा पसरतो त्याचे मधले-वरचे थर खंगर होऊन एकमेकाला चिकटतात.

ह्याचा पुरावा बघायचा असेल तर सतत चालणाऱ्या भट्ट्या बघा. उत्तरेकडं जी चिमणीवाली गोल खंदकाची भट्टी असते, बुल्स ट्रेंच म्हणतात, तिथं आग गोल फिरत राहते, तिला साधारण २६० ते ३३५ किलोकॅलरी प्रति किलो लागतात. तीच झिगझॅग रचून चालवली तर २३० ते २६५. आणि उभ्या शाफ्टची भट्टी, जिच्यात विटा वरून खाली उतरतात आणि आग मध्येच थांबून राहते, ती १७० ते २४० मध्ये भागवते. आता वीट एकदा ९५० पर्यंत तापवायलाच किलोला २२० लागतात हे आपण वर काढलं. म्हणजे शाफ्टवाला कित्येकदा वीट तापवायला लागते त्याहून कमी जळणात वीट भाजतो. जादू नाही, उतरणाऱ्या गरम विटांची उष्णता हवा उचलून वर नेते आणि तेच उसनं पुन्हा पुन्हा वापरलं जातं. त्यामुळं कुणी "भट्टीची एफिशियन्सी अमुक टक्के" असं सांगितलं की आधी विचारा, उसनी उष्णता विटेच्या खात्यात धरली का नाही. धरली तर तुमची भट्टी ७५ टक्के दिसते, नाही धरली तर २०. दोन्ही आकडे तुमच्याच भट्टीचे.

रचलेल्या भट्टीचं दुखणं असं की आग वर पोचली की खेळ संपला. सगळ्यात वरच्या थरांच्या वर कोणी उसनं घेणारं नसतं. समजा वरच्या एक तृतीयांश विटांची उष्णता अशी हवेत गेली तर हजारामागं दोन लाखाच्या वर झाली, कोळशात ४५ किलो. हे नुकसान पूर्ण टाळता येत नाही, उंची वाढवून कमी करता येतं, पण उंची पण हाताने रचणाऱ्या माणसाच्या आणि खालच्या कच्च्या विटेच्या ताकदीच्या हिशोबातच वाढणार.

दुसरं नुकसान अंगाचं. तुमची भट्टी समजा ४० फूट लांब, २३ फूट रुंद, ९ फूट उंच. चारी बाजू आणि माथा मिळून २०५४ चौरस फूट उघडं अंग. आता कुणी २५ हजाराची लावली, २३ बाय १३ बाय ७ फूट, तिचं अंग ८०३ चौरस फूट. लाखाला चार भट्ट्या लागतील म्हणजे ३२१२. विटा तेवढ्याच आणि थंड होणारं अंग दीडपटीहून जास्त. लहान भट्टीवाल्याला लाखाला कोळसा जास्त का लागतो ह्याचं मुख्य कारण हे, त्याच्या हातात दोष असतोच असं नाही. तुमच्या १५ हजार वाया विटांमधल्या कच्च्या राहिलेल्या बहुतेक ह्याच बाहेरच्या दोन थरांच्या असणार, बघा आठवून. बाहेरून जुन्या तुकड्यांचा एक थर लावून त्यावर चिखलाचं लिंपण दिलं तर बराच फरक पडतो, आणि लिंपण वाळून चिरलं की त्याच दिवशी परत बुजवायचं. चिरेतून नुसती उष्णता बाहेर जाते असं नाही, तिथून हवा आत शिरते, आणि वाऱ्याच्या बाजूची आग पळते, तिथं खंगर, आणि आडोशाच्या बाजूला कच्चं. एकाच भट्टीत दोन्ही निघाले तर कोळसा कमी-जास्त नव्हता, हवा वाकडी होती. वाऱ्याच्या बाजूला पत्रे नाहीतर ताट्या उभ्या करणं स्वस्तातलं काम आहे.

तिसरं, जमीन. ओल्या काळ्या रानावर थेट भट्टी लावली की पहिला थर जमीन वाळवतो आणि मग तापवतो, त्यातलं काही परत मिळत नाही. दरवर्षी त्याच जागेवर, खाली जुन्या विटांचे तुकडे आणि राख टाकून लावा.

चौथ्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण हे कुणी सांगत नाही. न जळता उडालेला कोळसा. आपल्याला वाटतं कोळसा भट्टीत गेला म्हणजे जळणारच. पण वरच्या थरातल्या कोळशाचं काय होतं बघा. आग अजून त्याच्या खाली तीन-चार फुटांवर आहे, तिचा गरम धूर वर येतोय, त्या धुरातला ऑक्सिजन खालीच संपत आलेला. वरचा कोळसा हळूहळू ३००-४००-५०० डिग्रीला तापतो आणि त्यातला वायूरूप जळाऊ भाग सुटायला लागतो. त्याला पेटायला ना पुरेसा ऑक्सिजन ना पुरेशी आग, तो तसाच माथ्यातून बाहेर पडतो. माथ्यावर पिवळसर पांढरा जाड धूर, डांबरासारखा वास, डोळे चुरचुरतात, तो हाच माल. तुम्ही पैसे देऊन आणलेला. आपल्याकडच्या कोळशात हा वायूरूप भाग पाव हिश्श्याच्या आसपास असतो आणि उष्णतेत त्याचा वाटा बऱ्यापैकी मोठा असतो. म्हणून विटांच्या थरांत कोळसा जेवढा कमी आणि विटेच्या पोटात राखेतला कार्बन जेवढा जास्त तेवढं बरं, कारण बॉयलरमधून आलेल्या राखेतला वायू आधीच जाऊन बसलेला असतो, उरलेला कार्बन आग जवळ आल्याशिवाय जळत नाही, आणि जळतो तो विटेच्या आतच. तिथं सुटलेली उष्णता आधी विटेला मिळते मग बाहेर.

पण ह्याला मर्यादा आहे हो. राख वाढवत गेला आणि थरातला कोळसा तेवढाच ठेवला तर विटेच्या आत कार्बन जळायला हवा पोचायच्या आधीच वरची कातडी वितळून बंद होते. वीट फोडून बघा, पोटात काळा डाग असेल तर तो कार्बन न जळता राहिलाय. फुगलेली, हलकी, चिकटलेली वीट म्हणजे त्याच्या पुढची पायरी. म्हणून राखेतून जेवढ्या कॅलरी वाढवल्या तेवढ्या थरातून काढायच्या. वरच्या उदाहरणासारखं राखेतून हजाराला १ लाख ४० हजार वाढले तर थरातून ३१ किलो कोळसा कमी, तोही एका भट्टीत सगळा नाही, पहिल्या भट्टीत निम्मा काढा, विटा फोडून बघा, मग पुढं. राखेनं वीट थापताना पण फरक पडतो, फार मारली की कोपरे ढासळतात.

आता ओलीकडं परत येतो, कारण तुमच्या हातात सगळ्यात जास्त तेच आहे. मी ५ टक्के धरली, पण फेब्रुवारीतल्या ऐन घाईत विटा पाडल्या आणि आठ दिवसात रचल्या की १०-१२ टक्के सहज असते. १२ टक्क्याला विटेत ३५६ ग्रॅम पाणी, म्हणजे ५ टक्क्यांच्या वर २०६ ग्रॅम जास्त. हजाराला २०६ लिटर, गुणिले ६२० = जवळपास १ लाख २८ हजार, कोळशात २८ किलो, लाखाला २ टन ८०० किलो. अगदी तेवढाच कोळसा वाचेल असं म्हणत नाही, कारण वरच्या थरांचं थोडं पाणी त्या धुरानं निघतं जो नाहीतरी हवेतच जाणार होता. पण खालच्या थरांचं पाणी ताज्या जळणावरच निघतं.

आणि नुकसान कोळशापुरतं नसतं. खालची वाफ वर जाते आणि वरच्या थंड विटांवर पाणी होऊन बसते. वीट घामेजते, मऊ पडते, वरच्या वजनानं दबते. माझी एक ३० हजाराची भट्टी एप्रिलमध्ये अवकाळी येऊन गेल्यावर मी चार दिवसात रचली होती, मुकादम नको म्हणत होता, वीट आत गार लागतेय म्हणाला. ट्रक ठरलेले होते म्हणून मी ऐकलं नाही. पेटवल्यावर दोन दिवस नुसती पांढरी वाफ, तिसऱ्या दिवशी एका बाजूचा माथा हातभर खाली बसला. लिंपण फाटलं, आग तिथूनच वर पळाली. निम्म्या विटा गेल्या. त्या वेळी कोळसा कमी पडला म्हणून मी बाजूनं आणखी टाकला होता, त्याचा काडीचा उपयोग नव्हता, वाटच चुकीची झालेली.

ओल मोजायला यंत्र नको. ढिगाच्या मधल्या चार-पाच विटा घ्या, बाहेरच्या नको, त्या नेहमी वाळलेल्याच असतात. मधून फोडून आतला तुकडा घ्या, किचनच्या काट्यावर अर्धा किलो मोजा, ओव्हनमध्ये १०५-११० डिग्रीला ठेवा आणि वजन घटायचं थांबेपर्यंत दर दोन तासानं मोजा. घटलेलं वजन सुक्या वजनानं भागायचं, ५०० चे ४७६ झाले तर ओल पाचच टक्के. ४४६ झाले तर बारा टक्के, रचू नका, आणखी उलटून-पालटून वाळवा.

कोळशाची ओल पण धरा. ट्रॉलीत पाणी मारलेला किंवा पावसात भिजलेला कोळसा १० टक्के पाणी घेऊन आला तर १८ टनात १८०० किलो पाणी. तेवढा कोळसा कमी मिळाला आणि वर त्या पाण्याची वाफ करायला आणखी साडेदोनशे किलो कोळसा लागेल. १८०० गुणिले ६२० भागिले ४५००, करून बघा. बगॅसचं तर निम्मं वजन पाणीच, हजाराला ८० किलो बगॅसमागं ४० लिटर पाणी उडवायला २५ हजार किलोकॅलरी जातात. शिवाय बगॅस जळताना जे पाणी तयार होतं त्याचीही वाफ होते, म्हणून बगॅसच्या २२५० मधले सगळे कामाला येत नाहीत, १८०० च्या आसपास धरा. सावलीत महिनाभर ढीग मारून वाळवली की तीच बगॅस जास्त काम करते, फक्त आगीपासून लांब ठेवा.

तुमच्या जागी मी असतो तर पुढच्या भट्टीत कोळसा एकदम कमी केला नसता. आधी १५ हजार वाया विटांचे तीन ढीग वेगळे केले असते, कच्च्या, खंगर, मोडलेल्या, आणि कुठल्या बाजूच्या, कुठल्या थराच्या हे खडूनं लिहिलं असतं. समजा त्यातल्या सात हजार सुधारल्या आणि पक्क्या ९२ हजार निघाल्या, तर जळणाचा एक किलोही कमी न करता पक्क्या विटेवरचा आकडा ४७० वरून ४३५ वर येतो. तेवढंच कोळशातून काढायचं म्हटलं तर लाखाला जवळपास दोन टन कमी करावे लागतील, आणि ते कमी करताना कच्च्या विटा वाढल्या तर हिशोब परत तिथंच. त्यानंतर ओल, त्यानंतर राख आणि थरातला कोळसा, ह्या क्रमानं. आणि कोळसा ट्रॉलीनं नाही, काट्यावर मोजून घ्या, ओल्या कोळशाची ट्रॉली आणि सुक्या कोळशाची ट्रॉली दिसायला सारखीच असते.

तुमच्या विटेचं भाजलेलं वजन, कोळशाची ग्रेड आणि विटेला राख किती ग्रॅम पडते एवढे तीन आकडे पाठवा, मी वरचा हिशोब तुमच्या आकड्यांनी परत मांडून देतो.